411 हा आकडा आधी टिपून ठेवावा

अँड्रॉइड फोनच्या पडद्यावरील अक्षरे, चिन्हे आणि बटणे यांचा आकार बदलण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले साइझ’ या नावाने सरकपट्टीच्या रूपात असतो, तर दुसरा विकसकांसाठी राखलेल्या ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ या विभागात ‘स्मॉलेस्ट विड्थ’ किंवा ‘मिनिमम विड्थ’ या नावाने, केवळ एक आकडा लिहिण्याच्या चौकटीच्या रूपात असतो. 2016 साली आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून हे दोन्ही मार्ग उपलब्ध आहेत, आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे दोन स्वतंत्र गोष्टी बदलतात असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्ही मार्ग एकच राशी बदलतात, आणि ती म्हणजे पडद्याची घनता. फोन बिघडल्यासारखा दिसू लागला असता त्यातून बाहेर पडण्याची वाट याच गोष्टीत असल्यामुळे ती नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

पडद्यावरील प्रत्येक चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते, परंतु एका इंचात किती ठिपके मावतात हे प्रत्येक फोनमध्ये निराळे असते, आणि म्हणून बटणाचा आकार ठिपक्यांत ठरवला तर तेच बटण एका फोनवर मोठे आणि दुसऱ्यावर चिमुकले दिसेल. ही अडचण टाळण्यासाठी अँड्रॉइडने ‘डीपी’ हे एकक योजले असून, घनता 160 असलेल्या पडद्यावरील एक ठिपका म्हणजे एक डीपी अशी त्याची व्याख्या आहे. 2008 साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनचा पडदा 320 गुणिले 480 ठिपक्यांचा होता आणि त्याची घनता 160च धरलेली होती, त्यामुळे त्या फोनपुरते डीपी आणि ठिपका यांत अंतर नव्हते. घनता वाढली की एका डीपीमागे अधिक ठिपके खर्च होतात, वस्तू मोठ्या दिसतात आणि पडद्यावर कमी मजकूर मावतो.

‘स्मॉलेस्ट विड्थ’ म्हणजे पडद्याची आखूड बाजू डीपीमध्ये मोजली असता येणारी लांबी. फोन आडवा धरला तरी आखूड बाजू तीच राहते, म्हणून हे माप फोन फिरवल्याने बदलत नाही. आखूड बाजूच्या ठिपक्यांना 160ने गुणून घनतेने भागले की हे माप मिळते. ज्या फोनची आखूड बाजू 1080 ठिपक्यांची आणि मूळ घनता 420 आहे, त्याच्या चौकटीत 411 हा आकडा दिसतो. त्याच 1080 ठिपक्यांच्या दुसऱ्या फोनची घनता 480 ठेवलेली असेल तर तेथे 360 दिसते. यावरून हेही स्पष्ट होते की एका फोनसाठी सांगितलेला ‘योग्य आकडा’ दुसऱ्या फोनला जसाच्या तसा लागू करण्यात अर्थ नाही.

खरी फसगत या भागाकारातूनच होते. चौकटीतील आकडा वाढवला की पडद्यावरील सर्व काही लहान होते आणि आकडा कमी केला की मोठे होते, म्हणजेच हे प्रमाण व्यस्त आहे. सरकपट्टीची सवय असलेल्या माणसाची अपेक्षा मात्र नेमकी उलट असते. 411 आकडा असलेल्या फोनवर अक्षरे थोडी मोठी हवीत म्हणून कोणी 500 लिहिले, तर घनता 345पर्यंत उतरते आणि वस्तू मूळ आकाराच्या सुमारे 82 टक्के होतात. ‘रुंदी’ हा शब्द वाचून आणि आपला पडदा 1080 ठिपक्यांचा आहे हे आठवून त्याने पुढे 1080 लिहिले, तर घनता थेट 160वर येते. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार बोटाने दाबायच्या जागेची बाजू किमान 48 डीपी असावी. मूळ घनतेला ही बाजू 126 ठिपके, म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर भरत होती, ती आता 48 ठिपक्यांची, म्हणजे तीन मिलिमीटरांच्याही आत येते, आणि बोटाचे टोक एकाच वेळी दोन-तीन बटणांवर पडू लागते.

एवढेच नव्हे, तर मूळ अँड्रॉइडमध्ये 600 डीपी किंवा अधिक रुंदी दिसताच फोन स्वतःला टॅब्लेट समजू लागतो. त्यामुळे अनेक अॅप्स दोन स्तंभांची मांडणी स्वीकारतात, अलीकडच्या आवृत्त्यांत खाली टास्कबार दिसू लागतो आणि मुख्य पडद्यावरील चिन्हांची जागा हलू शकते. ती मांडणी आकडा पूर्ववत केल्यावरही जुळून येईलच असे नाही.

प्रणालीने या चौकटीला दोन मर्यादा घातल्या आहेत. 320पेक्षा लहान आकडा लिहिला तरी तो 320च धरला जातो, त्यामुळे वरील उदाहरणातील फोनवर वस्तू मूळ आकाराच्या सव्वापटीहून थोड्याच अधिक मोठ्या होऊ शकतात. दुसऱ्या बाजूला घनता 120च्या खाली जाऊ दिली जात नाही, परंतु त्या टोकाला वस्तू मूळ आकाराच्या एक तृतीयांशाहूनही लहान होतात. म्हणजे मोठेपणाचा धोका बराच आवळलेला आहे आणि लहानपणाचा मात्र जवळजवळ मोकळा सोडलेला आहे. संगणकावरून आज्ञा देऊन घनता बदलल्यास 320ची मर्यादाही लागू होत नाही, आणि पडद्याबाहेर जाणारी अवाढव्य बटणे बहुधा त्या मार्गाने येतात.

फोन बंद करून पुन्हा सुरू केल्याने काहीही बदलत नाही, कारण ही घनता सेटिंग म्हणून साठवलेली असते. उपायासाठी त्या चौकटीत परत जाण्याचीही गरज नाही. ‘डिस्प्ले साइझ’ची सरकपट्टी मूळ स्थानावर आणली की लादलेली घनता पुसली जाते. सरकपट्टीच्या ठरावीक पायऱ्यांत न बसणारी घनता असल्यास तेथे ‘कस्टम’ असा शब्द आणि शेजारी घनतेचा आकडा दिसतो, आणि बिघाड नेमका याच कारणाने झाल्याची ती खूण समजावी. बटणे दाबताच येत नसतील आणि यूएसबी डीबगिंग आधीपासून सुरू असेल, तर संगणकाला फोन जोडून पुढील दोन आज्ञा द्याव्यात. पहिली मूळ आणि लादलेली घनता दाखवते, दुसरी लादलेली घनता काढून टाकते.

```
adb shell wm density
adb shell wm density reset
```

ज्यांना केवळ अक्षरे मोठी हवी आहेत त्यांनी या दोन्ही मार्गांना हात लावण्याचे कारण नाही. ‘फॉन्ट साइझ’ हे सेटिंग घनतेला धक्का न लावता फक्त अक्षरे वाढवते, आणि अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून ती 200 टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. देवनागरीत वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार हे अक्षराचे सर्वांत बारीक भाग असल्यामुळे मराठी वाचणाऱ्या ज्येष्ठांसाठी हाच मार्ग अधिक हिताचा आहे.

सरकपट्टीला बदलाचा नमुना आधी दाखवण्याची सोय आहे, पण अधिक धोकादायक असलेल्या चौकटीला नाही, आणि हा रचनेतील दोष मानला पाहिजे. विंडोज संगणकावर पडद्याचे रिझोल्यूशन बदलल्यास ‘हा बदल ठेवायचा का’ असा प्रश्न येतो आणि काही सेकंदांत उत्तर न मिळाल्यास जुनी स्थिती आपोआप परतते. तशीच तरतूद येथेही असायला हवी होती. ती येईपर्यंत वाचकांनी चौकट उघडताच त्यातील मूळ आकडा कागदावर लिहून घ्यावा, आणि नवा आकडा एका वेळी दहा-वीसपेक्षा अधिक अंतराने बदलू नये.