दहा वर्षांचा हिशेब

या सदराच्या नित्याच्या वाचकांना आमची कन्या परिचित आहे. गेल्या दोन-तीन दिवाळ्यांत तिने या पानावर बरीच जागा अडवली आहे. यंदा तिचे नाव काढायचे नाही असे मी ठरवले होते. पण दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि तो बेत तेथेच संपला.

ट्रंकेत तळाशी एक दुपटे होते. माझ्या आजीच्या जुन्या लुगड्यांचे, सहा पदरी, बारीक धावदोऱ्याचे. कन्येने ते नाकाशी धरले आणि विचारले, "हे कुणी शिवलं?"

"माझ्या आजीनं. तुझ्यासाठी."

"मग मी तिला पाहिलं कसं नाही?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र अंकगणिताचे होते, आणि मराठीच्या प्राध्यापिकेला अंकगणित नेहमीच जड जाते. तरी ते इथे मांडते.

माझी आई जन्मली तेव्हा आजी 20 वर्षांची होती. मी जन्मले तेव्हा आई 25 वर्षांची, म्हणजे आजी 45. मला 25व्या वर्षी मूल झाले असते तर आजी 70 वर्षांची असती, आणि सत्तरीत ती रोज देवळाच्या चाळीस पायऱ्या चढत होती. पण माझी कन्या झाली मी 35 वर्षांची असताना. आजी 78व्या वर्षी गेली. अवघ्या दोन वर्षांनी चुकामूक झाली. पणतवंडाचे तोंड पाहिले की सोन्याच्या शिडीने स्वर्गात जाता येते, असे आपल्याकडे म्हणतात. शास्त्राप्रमाणे ती शिडी मुलाच्या नातवाची. लेकीच्या लेकीच्या लेकीला त्यात जागा नाही. आजीने ते शास्त्र केव्हाच बाजूला सारले होते. माझे पंचविसावे सरले, तेव्हाच तिने हे दुपटे शिवून ठेवले होते.

उशीर का झाला, असे कोणी विचारील. एम. ए. तेविसाव्या वर्षी झाले, सेट सव्विसाव्या. अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न. त्यानंतर सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तास घेतला तर पैसे, तास नाही तर पैसे नाहीत, उन्हाळ्याच्या सुटीत हात रिकामा. बाळंतपणाच्या रजेचे नाव काढण्याची सोय नव्हती. चौतिसाव्या वर्षी कायम जागा मिळाली, तिच्याबरोबर 180 दिवसांची पगारी रजा आली, आणि मग आम्ही पाळण्याचा विचार केला. कोणी याला हौस म्हणतात, कोणी हट्ट. मला तर तो सरळ जमाखर्च वाटतो.

दवाखान्यात गेल्यावर पस्तिशीचा शिक्का कागदावर लगेच बसला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले की गर्भाच्या गुणसूत्रांतला डाउन सिंड्रोम नावाचा दोष आईच्या पंचविशीत साधारण साडेबाराशे बाळांत एकाला आढळतो, पस्तिशीत साडेतीनशेत एकाला. म्हणून अकराव्या ते तेराव्या आठवड्यात सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करून घ्यायची, पुढे साखरही पाहायची. मी घाबरले. त्या म्हणाल्या, "अहो, साडेतीनशेत एक म्हणजे तीनशे एकोणपन्नास ठीक असतात, तेही ऐका ना." ते ऐकले आणि झोप आली. सगळे सुरळीत पार पडले. आईच्या वयाची काळजी सगळ्यांनी केली. आजीच्या वयाचा विचार मात्र कोणाच्या मनातही आला नाही. खरी अडचण तिथेच होती.

मी जन्मले तेव्हा आजी न्हाणीघरात पाटावर बसायची, पाय लांब करायची, मला नडग्यांवर पालथे घालायची आणि तेल जिरवून ऊन पाण्याने न्हाऊ घालायची. पंचेचाळीस वर्षांची बाई ती. उठताना भिंतीचा आधार लागत नसे. माझी आई साठीत आजी झाली. हौस तीच, गुडघे मात्र निराळे. पाटावर बसली तर उठवायला दोन माणसे लागत. शेवटी न्हाऊ घालायला एक बाई लावली, आणि आई दाराशी खुर्चीवर बसून "टाळूवर जपून, टाळूवर जपून" म्हणत राहिली.

दुसरी अडचण विद्येची. पंचविसाव्या वर्षी मूल झाले तर आजीचा अनुभव पंचवीस वर्षे जुना असतो. पस्तिसाव्या वर्षी तो पस्तीस वर्षे जुना होतो. आईने सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, जायफळ उगाळून बाळगुटी तयार केली. बालरोगतज्ज्ञांनी सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही नको म्हणून बजावले होते. आईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने मला गुटी देऊनच वाढवले होते, आणि मी तर धडधाकट तिच्यापुढे उभी! त्या दिवशी मी एक शहाणपणा केला. वाद घातला नाही. पुढच्या खेपेला तिलाच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिला सगळे नीट समजावले. घरी आल्यावर तो नियम तिचा झाला, आणि शेजारणींना ती तो माझ्याहून कडक शब्दांत सांगू लागली.

रजा संपली आणि आई आमच्याकडे राहायला आली. त्याच सुमारास, कन्या दहा महिन्यांची असताना, माझे सासरे न्हाणीघरात घसरले. वय 75. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि वॉकर धरून दिवसातून तीनदा चालायचे असा हुकूम घेऊन ते घरी आले. त्या महिन्यात आमच्या ओसरीचे दृश्य पाहण्यासारखे होते. एका टोकाकडून पांगुळगाडा यायचा, दुसऱ्या टोकाकडून वॉकर. दोघेही पडण्याच्या भीतीने डोळे मोठे करून चालत. मध्ये गाठ पडली की दोघे थांबत आणि एकमेकांकडे पाहून हसत. सासूबाई म्हणत, "बघू या, आधी कोण सुटं चालतं!" नात जिंकली. आजोबांनी टाळ्या वाजवण्यासाठी वॉकरवरचे दोन्ही हात सोडले, आणि आमच्या पोटात गोळा आला.

पंचविशीत मूल झाले असते तर हे दोन प्रवास एकत्र आले नसते. सासरे तेव्हा पासष्टीचे असते आणि नातीला खांद्यावर घेऊन बाजारात गेले असते. पस्तिशीच्या घरात लसीकरणाचे पुस्तक आणि आजोबांची शस्त्रक्रियेची फाइल एकाच खणात ठेवावी लागते. एकाच रात्री एकीला ताप आणि दुसऱ्याला कळा, असे आमच्याकडे दोनदा झाले.

आणि या धांदलीत माझ्या आईकडे कोणाचे लक्ष नव्हते. ती कधी दमले म्हणाली नाही. नातीपायी दमले असे म्हणणारी आजी मी अजून पाहिलेली नाही. मला कळले ते औषधाच्या पाकिटावरून. गुडघा फारच दुखला तर घ्यायच्या गोळ्यांचे दहाचे पाकीट पूर्वी तिला महिनाभर पुरे. ते पाच दिवसांत संपले. मग मी पाहू लागले. दुपारची झोप बंद झाली होती. संध्याकाळचे फिरणे बंद झाले होते. साखर तपासली तर ती वाढलेली. नऊ किलोंचे मूल ती दिवसातून वीस वेळा उचलत होती.

तेव्हा आमच्या ह्यांनी एक वेळापत्रक लिहून भिंतीवर लावले. सकाळी आठ ते एक पाळणाघर. एक ते चार आजी. पण मूल उचलायचे नाही, खाली गादीवर बसवून खुर्चीतून गोष्ट सांगायची. चारनंतर घरी येईल तो मोकळा. आईला प्रथम राग आला. "मी काय पाहुणी आहे?" म्हणाली. आठवडाभर पाळणाघराचे नाव निघाले की ती उठून जाई. दोन महिन्यांनी गोळ्यांचे पाकीट पुन्हा महिनाभर पुरू लागले, आणि मग तिने त्या कागदाला हळद-कुंकू लावले नाही इतकेच!

इथवर सगळा खर्चच मांडला. जमेची बाजूही मांडायला हवी. माझी आजी पंचेचाळीस वर्षांची होती, त्यामुळे तिला हात होते. पण वेळ नव्हता. तिचा धाकटा मुलगा तेव्हा शाळेत होता, पंगतीला रोज बारा पाने असत. मला न्हाऊ घालून ती चुलीशी जाई. आजोबा तर दुकानावरून रात्री परतत. ते मला फक्त झोपलेली पाहत. आमच्या कन्येचे आजोबा दोन्हीकडचे निवृत्त. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून मोकळे झाले आणि आठ वर्षे हातात काही नसल्यासारखे बसून होते. तिला मूठभर शेंगदाणे मोजून द्यायला त्यांना अर्धा तास लागे, आणि तो अर्धा तास त्यांच्यापाशी होता. ती पाढे त्यांच्याकडून शिकली. पंचविशीच्या मुलाला आजीचे हात मिळतात, पस्तिशीच्या मुलाला आजोबांचा वेळ मिळतो. दोन्ही एकदम मागू नये. वेळ देणाऱ्याकडून हातांचे काम करून घेऊ लागलो, की गोळ्यांचे पाकीट लवकर संपते.

फक्त वर्षे मोजकी असतात. सासरे कन्येच्या सहाव्या वर्षी गेले. पेपरातले मथळे ती त्यांना वाचून दाखवी. जोडाक्षर अडले की ते मिटल्या डोळ्यांनी सांगत. अजूनही मोठे जोडाक्षर आले की ती क्षणभर थांबते.

दुपटे तिने पुन्हा घडी घालून ठेवले, आणि आता हिशेब तिने सुरू केला. ती नऊ वर्षांची आहे, मी 44.

"मला पस्तिसाव्या वर्षी बाळ झालं तर तू किती वर्षांची?"

"सत्तर."

"आणि आजी?"

मी उत्तर दिले नाही. तिनेच बोटांवर मोजले. पंच्याण्णव हा आकडा तिने मनातच ठेवला, हे तिच्या ओठांवरून मला कळले. मग दुपटे ट्रंकेत अगदी वर ठेवत ती म्हणाली, "बरं, मग तू त्याला उचलू नकोस. खुर्चीत बसून नुसती गोष्ट सांग."