सूक्ष्मदर्शक यंत्र व तोंडी परीक्षा

"सूक्ष्मदर्शक यंत्राचे भाग सांगा" हा प्रश्न शास्त्राच्या तोंडी परीक्षेंत इतक्या वर्षांपासून विचारला जात आहे कीं, त्याचें उत्तर विद्यार्थी यंत्राकडे न पाहतांहि देऊं शकतो. नेत्रिका, नळी, वस्तुभिंगें, फिरती चकती, मंच, आरसा, मोठा स्क्रू, लहान स्क्रू, हात आणि पाया, एवढीं नांवें एका दमांत म्हटलीं कीं परीक्षकांचें समाधान होतें आणि पुढचा विद्यार्थी आंत येतो. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ही परीक्षा यंत्राची नसून पाठांतराची आहे. आणि जो खरोखर पाहतो त्याचेंच तिच्यामुळें नुकसान होतें. हें आमच्या परिसरांतील एका साध्या वस्तूच्या उदाहरणानें दाखवितों.

पावसाळा सरल्यावर हिरण्यकेशीच्या कडेच्या संथ पाण्यांत किंवा भाताच्या खाचरांत हिरव्यागार केसांसारखें एक शेवाळ तरंगत असतें. बोटांत धरल्यास तें रेशमासारखें बुळबुळीत लागतें. पुष्कळदां तें स्पायरोगायरा या जातीचें असतें. हॉलंडांतील लेव्हेनहुक यानें 1674 साली एका तळ्याच्या पाण्यांत सर्पाकार वळलेल्या हिरव्या रेषा पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. तें हेंच शेवाळ असावें, असें अभ्यासक मानतात. त्याचें यंत्र एकाच भिंगाचें होतें. आपल्या शाळांतील यंत्र संयुक्त असतें, म्हणजे त्यांत भिंगें दोन टप्प्यांनीं काम करतात. खालचें वस्तुभिंग वस्तूची मोठी व उलटी प्रतिमा नळींत तयार करतें आणि वरची नेत्रिका त्या प्रतिमेस पुन्हां मोठी करून दाखविते. म्हणून एकूण मोठेपणा काढतांना दोहोंचा गुणाकार करावयाचा असतो. नेत्रिका 10 पटींची व वस्तुभिंग 10 पटींचें असल्यास वस्तु 100 पट मोठी दिसते; वस्तुभिंग 45 पटींचें घेतल्यास 450 पट.

आतां शेवाळाचा एकच धागा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबांत ठेवावा. वरची पातळ काच एका कडेनें टेकवून सावकाश खालीं सोडावी, नाहींतर हवेचे बुडबुडे अडकतात. आरशानें प्रकाश घ्यावयाचा तो खिडकींतून दिसणाऱ्या आकाशाचा. सूर्यकिरण आरशावर कधींहि घेऊं नयेत, त्यांनीं डोळ्यास कायमची इजा होऊं शकते. आजऱ्याच्या मुलांस पावसाळ्यांतील आभाळ कंटाळवाणें वाटत असेल, परंतु पांढऱ्या ढगांचा सारखा पसरलेला उजेड या कामास फार चांगला. मंचाखालीं कंडेन्सर असेल तर आरशाची सपाट बाजू वापरावी, नसेल तर खोलगट.

आरंभ नेहमीं लहान शक्तीच्या भिंगानें करावा. याचीं कारणें दोन आहेत. एक, या भिंगानें दिसणारें क्षेत्र विस्तृत असतें, त्यामुळें धागा सांपडतो. दुसरें, वस्तु स्पष्ट दिसते तेव्हां भिंग काचेपासून कित्येक मिलीमीटर दूर असतें, त्यामुळें धक्का लागण्याचें भय नसतें. प्रथम बाजूनें पाहत मोठ्या स्क्रूनें भिंग व काचपट्टी जवळ आणावींत. मग नेत्रिकेस डोळा लावून त्यांतील अंतर वाढत जाईल अशाच दिशेनें स्क्रू सावकाश फिरवावा. धागा स्पष्ट झाला कीं तो क्षेत्राच्या अगदीं मध्यावर आणावा. हें मध्यावर आणणें विसरल्यामुळें "मोठ्या भिंगांत कांहींच दिसत नाहीं" अशी तक्रार वर्गांत वारंवार ऐकूं येते. 10 पटींच्या भिंगानें दीड मिलीमीटर रुंदीचें क्षेत्र दिसत असेल, तर 45 पटींच्या भिंगानें त्याचा साडेचारावा हिस्सा, म्हणजे सुमारें एक तृतीयांश मिलीमीटर एवढेंच उरतें. कडेला असलेली वस्तु त्याच्या बाहेर राहते.

नंतर चकती फिरवून मोठें भिंग आणावें. चांगल्या यंत्रांत सर्व भिंगें अशा बेतानें बसविलेलीं असतात कीं, एकांत स्पष्ट दिसलेली वस्तु दुसऱ्यांतहि जवळजवळ स्पष्टच असते. येथून पुढें मोठ्या स्क्रूस हात लावूं नये. आतां भिंग व काच यांमध्यें जेमतेम अर्धा मिलीमीटर अंतर असतें. मोठ्या स्क्रूच्या थोड्याशा फेऱ्यानें काच फुटते व भिंगावर ओरखडा उठतो. क्षेत्र अंधारलेलें दिसेल, तेव्हां मंचाखालचें छिद्र थोडें मोठें करून उजेड वाढवावा आणि लहान स्क्रू हळूहळू फिरवावा.

खरी मौज येथेंच आहे. स्पायरोगायराची पेशी म्हणजे एक लांबट नळकांडें. त्याच्या भिंतीस आंतून लागून हिरवी फीत जिन्याच्या कठड्यासारखी वळत जाते. पुस्तकांतील चित्रांत ही फीत समोरची व मागची अशी संपूर्ण काढलेली असते. परंतु मोठ्या भिंगांतून एका वेळीं संपूर्ण फीत स्पष्ट दिसत नाहीं. त्या भिंगाची खोलींत पाहण्याची शक्ति दोन-तीन मायक्रोमीटरांपुरतीच असते, आणि पेशीची जाडी तिच्या कित्येक पट असते. म्हणून लहान स्क्रू फिरवितांना प्रथम फितीचे समोरचे तुकडे एका बाजूस कललेले दिसतात. आणखी थोडें खोल गेल्यावर ते पुसट होतात, पेशीच्या दोन्ही कडा रेखीव होतात आणि फीत कडेकडेनें हिरव्या ठिपक्यांसारखी दिसते. मध्यभागीं नाजूक धाग्यांनीं टांगलेलें केंद्रकहि कधीं कधीं दिसतें. त्याहून खोल गेल्यावर मागचे तुकडे स्पष्ट होतात, आणि ते उलट्या बाजूस कललेले असतात. या तीन दर्शनांची मनांत जुळणी केली म्हणजे फीत वळती आहे हें कळतें.

आतां आमच्या पाहण्यांत आलेली गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिक परीक्षेंत एका मुलीनें मोठ्या भिंगांतून पाहून समोरचे तिरपे पट्टेच तेवढे काढले व खालीं "450 पट, वरचा थर" असें लिहिलें. परीक्षकांनीं चित्र अपूर्ण ठरवून गुण कापले. शेजारच्या मुलानें पुस्तकाबरहुकूम पूर्ण वेटोळें काढलें. त्याच्या यंत्रांत त्या वेळीं जाड काळ्या कडेचें एक वाटोळें वर्तुळ होतें, म्हणजे हवेचा बुडबुडा. धाग्याचा मागमूसहि नव्हता. त्यास पूर्ण गुण मिळाले. त्या मुलाचा आम्हांस राग नाहीं. आपण ज्याचे गुण देतों तेंच त्यानें केलें. पण त्या मुलीनें त्या दिवशीं काय शिकावें? डोळ्यांपेक्षां पुस्तकावर भिस्त ठेवावी, हेंच ना? शुभवर्तमानांतील थोमाची, पाहिल्यावांचून न मानण्याबद्दल, आपण कानउघाडणी करतों. प्रयोगशाळेंत मात्र प्रत्येकानें थोमाच झालें पाहिजे.

यावर उपाय अवघड नाहीं. तोंडी परीक्षा यंत्रासमोर घ्यावी आणि ज्यांचें उत्तर हातानें काम केलेल्यासच येईल असे प्रश्न विचारावेत. मासल्यादाखल चार देतों.

पहिला प्रश्न: "काचपट्टी डावीकडे सरकविल्यास चित्र कोठें जाईल?" उजवीकडे, कारण प्रतिमा वरची खालीं व डावीची उजवीकडे झालेली असते. ज्यानें पळणारा जंतु क्षेत्रांत धरून ठेवण्याचा प्रयत्न केला आहे, त्याचा हात हें आधींच जाणतो.

दुसरा: "क्षेत्रांत एक काळा डाग आहे. तो कोठला?" नेत्रिका फिरविल्यावर डागहि फिरला, तर तो नेत्रिकेवर आहे. काचपट्टी सरकविल्यावर तोहि सरकला, तर तो पट्टीवर. वस्तुभिंगावरील घाण बहुधा डाग म्हणून दिसत नाहीं. तिच्यामुळें सगळेंच चित्र धुकट होतें, आणि भिंग बदलल्यावर तें पुन्हां स्वच्छ दिसतें.

तिसरा: "लहान भिंगांत चित्र उत्तम आहे, पण मोठ्या भिंगांत कांहीं केल्या स्पष्ट होत नाहीं. काय झालें असेल?" पुष्कळदां काचपट्टी उलटी ठेवलेली असते. पट्टीची जाडी एक मिलीमीटरच्या आसपास असते, आणि मोठ्या भिंगास वस्तूच्या अर्ध्या मिलीमीटरपर्यंत यावयाचें असतें. मध्यें पट्टी आल्यावर तें पोहोंचणार कसें? लहान भिंगास दूरूनहि पाहतां येतें, म्हणून तें तक्रार करीत नाहीं. अशा वेळीं जोर करून स्क्रू फिरविणारा विद्यार्थी पट्टी फोडतो. विचार करणारा ती उलटून ठेवतो.

चौथा: "ही पेशी किती लांब आहे?" मोठ्या भिंगाचें क्षेत्र सुमारें 330 मायक्रोमीटर रुंद आहे आणि पेशीनें त्याचा अर्धा भाग व्यापला आहे, तर ती सुमारें 165 मायक्रोमीटर लांब. क्षेत्राची रुंदी वर्गांतच पारदर्शक मोजपट्टी मंचावर ठेवून लहान भिंगानें मोजावी आणि मोठ्या भिंगासाठीं भागाकार करावा. येथें पाठांतर उपयोगी पडत नाहीं, कारण प्रत्येकाच्या पट्टीवरील पेशी निराळी असते.

भागांचीं नांवें विचारूंच नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. नांवें ठाऊक नसतील तर शिक्षक सांगतो काय व मुलगा फिरवितो काय! परंतु नांवांस दोन गुण पुरेत. उरलेले वरील प्रकारच्या प्रश्नांस असावेत. चित्रांच्या बाबतींतहि एक नियम पाळावा: चित्राखालीं किती पटींनीं पाहिलें व कोणत्या थराचें पाहिलें हें लिहिलेलें असावें, आणि परीक्षकांनीं तें चित्र पुस्तकाशीं न ताडतां त्याच यंत्रांत डोकावून ताडून पाहावें. यास प्रत्येक विद्यार्थ्यामागें एखादें मिनिट अधिक लागेल.

कोणी म्हणतील, शाळेंत यंत्रें थोडीं व मुलें फार, इतका वेळ कोठून आणावा? अडचण खरी आहे. म्हणून आम्ही सुचवितों कीं, एका तासांत दहा तयार पट्ट्या भरभर दाखविण्याऐवजीं शेवाळाचा एकच धागा दाखवावा आणि प्रत्येक मुलानें लहान स्क्रू स्वतः फिरवून तीन थर पाहावेत. पालकांनींहि मुलांच्या वहींतील सुबक चित्र पाहून लगेच शाबासकी देऊं नये, "हें तूं पाहिलेंस कीं पुस्तकांतून उतरविलेंस?" एवढेंच विचारावें. ज्या मुलीचें चित्र अर्धवट ठरलें, तिच्याजवळ या प्रश्नाचें उत्तर होतें. परीक्षेंत तें कोणी विचारलें नाहीं.