सहापट परतावा, पण कशाचा?

मालकाने एजन्सीच्या मासिक अहवालातला परताव्याचा आकडा, म्हणजे आरओएएस, पाहावा आणि तो चढता असेल तर पुढचं बजेट मंजूर करावं. आत शिरून प्रश्न विचारणं म्हणजे तज्ज्ञांवर अविश्वास. असं मत एका जाणत्या गृहस्थांनी नुकतंच मांडलं. मला ते धोक्याचं वाटतं, कारण त्याची किंमत लहान व्यावसायिक मोजतो.

ऑनलाइन साड्या विकणारं एक दुकान धरा. जाहिरातीवर दोन लाख खर्च, विक्री बारा लाख, परतावा सहापट. आता पहिला प्रश्न: यातली किती विक्री दुकानाचं नाव टाकूनच गूगलवर शोधणाऱ्यांची? समजा, नावाच्या शोधावर तीस हजार खर्चून सात लाख वीस हजारांची विक्री दिसते. ही माणसं दुकान ओळखूनच आली होती. जाहिरात नसती तरी बहुतेकांनी खालच्या फुकट दुव्यावर बोट ठेवलं असतं. ईबेने 2012मध्ये स्वतःच्या नावावरच्या शोध-जाहिराती काही काळ बंद केल्या, तेव्हा जवळजवळ सगळे लोक फुकट दुव्यांवरून आलेच. ईबे सर्वांना ठाऊक होतं, हे खरं. तुमच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल तर निकाल वेगळा येईल. म्हणून तर प्रश्न विचारायचा!

उरले एक लाख सत्तर हजार आणि चार लाख ऐंशी हजारांची विक्री. सहापटीचे पावणेतीनपट झाले. त्यात कॅश ऑन डिलिव्हरीची सव्वा लाखाची पार्सलं परत आली, तरी जाहिरातीच्या खात्यात ती विक्रीच राहते, कारण तिथे ऑर्डर नोंदवली त्याच क्षणी मोजली जाते. परत आलेला माल वजा करून शंभरामागे चाळीस रुपये सुटतात असं धरलं, तर हाती एक लाख बेचाळीस हजार. खर्च एक लाख सत्तर हजार. म्हणजे नव्या गिऱ्हाइकामागे दुकान तोट्यात, आणि एजन्सीची फी अजून धरलेलीच नाही.

मेटाच्या नेहमीच्या मोजणीत जाहिरात नुसती दिसल्यावर दिवसभरात झालेली खरेदीही धरतात. तो आकडा वेगळा मागा. ‘रीच वाढला’ या एजन्सीच्या म्हणण्याला उत्तर देण्याची गरज नाही. काही वर्षांपूर्वी हीच मंडळी पेजचे लाइक मोजायला सांगत होती, तेव्हाही विक्रीची वही उघडा म्हणणारे आम्ही अडाणी ठरलो होतो.

मग करावं काय? नावाचा शोध आणि बाकी मोहिमा यांचे आकडे दर महिन्याला वेगळे मागा. जाहिरात खातं स्वतःच्या नावावर ठेवून एजन्सीला त्यात प्रवेश द्या. विक्री कुरिअरच्या पोचपावतीशी ताडून पाहा. आणि नावावरची जाहिरात एखाद्या जिल्ह्यात पंधरा दिवस थांबवून तिथली एकूण विक्री बाकी जिल्ह्यांच्या तुलनेत पडते का, हे पाहायला सांगा.