रोज दारू घेणाऱ्याचा थकवा लोहाच्या गोळीने का जात नाही?

थकवा आला, हिमोग्लोबिन कमी निघाले, की आपल्याकडे लोहाची गोळी सुरू होते. रोज दारू पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही घाई मला चुकीची वाटते. आधी सीबीसी रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खालची एमसीव्ही ही ओळ वाचा. तांबड्या पेशीचा सरासरी आकार त्यात कळतो. तो साधारण 80 ते 100 असतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि हा आकडा खाली जातो.

समजा, पंचेचाळिशीतला एक माणूस रोज संध्याकाळी क्वार्टर घेतो. सोबत फरसाण-शेंगदाणे खातो आणि मग जेवण नको म्हणतो. जिना चढताना त्याला धाप लागते. हिमोग्लोबिन 9, एमसीव्ही 112. त्याच्या पेशी मोठ्या झाल्या आहेत, म्हणजे मुख्य अडचण लोहाची दिसत नाही.

पालेभाज्या आणि डाळींतून मिळणारे फोलेट हे जीवनसत्त्व नवी पेशी तयार होताना डीएनए बनवायला लागते. ते कमी पडले की अस्थिमज्जेतली पेशी वाढत राहते, पण वेळेवर विभागत नाही. मोठ्या पेशी तयार होतात, त्यातल्या बऱ्याच मज्जेतच मरतात. रक्तात पोचणाऱ्या पेशी कमी, म्हणून शरीराला प्राणवायू कमी आणि म्हणून थकवा. दारू इथे अनेक बाजूंनी नुकसान करते. जेवण सुटते, आतड्यातून फोलेट कमी शोषले जाते, यकृतात ते नीट साठत नाही आणि लघवीतून जास्त जाते. एरवी यकृतातला साठा तीन-चार महिने पुरतो, पिणाऱ्याचा लवकर संपतो.

नुसत्या दारूनेही, फोलेट पुरेसे असताना, पेशी थोड्या मोठ्या होतात. थायरॉइड, यकृताचे आजार आणि काही औषधे हीही कारणे असतात. म्हणून डॉक्टरांना किती पिता ते खरे सांगा. (सगळेच निम्मे सांगतात, हे आम्हाला ठाऊक असते!)

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी स्वस्त आहे, पण स्वतःहून सुरू करू नका. आधी बी-12 तपासा. बी-12 कमी असताना नुसते फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांचे नुकसान मात्र आतून चालू राहते. पायाला मुंग्या येत असतील तर हे आवर्जून सांगा.

उपचारानंतर हिमोग्लोबिन काही आठवड्यांत चढू लागते. एमसीव्ही उतरायला मात्र दोन ते चार महिने लागतात, कारण तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. दारू चालूच राहिली तर तो आकडा वरच राहतो. पण बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने ती एका दिवसात एकट्याने बंद करू नये. हात थरथरणे, फिट येणे असे त्रास होऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.