अब्बांना भाडं देणं आणि अब्बांच्या नावाची पावती फाडणं

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत शाळा-कचेऱ्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "घरभाड्याची पावती लावली का?" कर टाळणं आणि कर चुकवणं यांतला फरक पगारदाराला याच एका पावतीवरून नीट समजतो. कायद्याने ठेवलेल्या सवलतीत बसेल असा व्यवहार खरोखर करणं, म्हणजे कर टाळणं. न झालेला व्यवहार झाला असं दाखवणं, म्हणजे करचुकवेगिरी.

एक गैरसमज आधी दूर करू. पगारात घरभाडे भत्ता मिळतो म्हणून तो आपोआप करमुक्त होत नाही. स्वतःच्या घरात किंवा सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्याचा पूर्ण भत्ता करपात्र असतो. जुन्या करप्रणालीत खरोखर भाडं भरणाऱ्यालाच सूट मिळते. ती तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी असते : मिळालेला भत्ता, मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 10 टक्क्यांहून जास्त भरलेलं भाडं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या ठिकाणी त्याच पगाराचे 40 टक्के.

समजा, चंद्रपुरातला एक लिपिक अब्बांच्या मालकीच्या घरात राहतो. साल 2022-23. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून वर्षाला 7,20,000 रुपये, घरभाडे भत्ता 72,000 रुपये. तो अब्बांना दरमहा 11,000, म्हणजे वर्षाला 1,32,000 रुपये भाडं देतो. त्यातून पगाराचे 10 टक्के, म्हणजे 72,000 वजा केले की उरतात 60,000. तिन्ही रकमांत हीच लहान, म्हणून सूट 60,000 ची. तो 20 टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकर धरून 12,480 रुपये वाचतात.

वडिलांना भाडं द्यायला कायद्याची मनाई नाही. पण भाडं बँकेतून गेलं पाहिजे, साधा का होईना करार हवा, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असल्याने अब्बांचा पॅन क्रमांक कार्यालयात द्यावा लागतो. अब्बांना हे भाडं आपलं उत्पन्न म्हणून धरावं लागतं. त्यातून 30 टक्के वजावट मिळते. त्यांचं वय साठीच्या पुढे असेल आणि दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर त्यांना बहुधा कर लागतच नाही. घरातले पैसे घरातच राहिले, कर कमी झाला आणि सगळं कायद्यात बसलं.

आता दुसरा लिपिक घ्या. पगार तोच, घरही अब्बांचंच, पण पैसे कधी दिलेच नाहीत. फक्त बारा पावत्यांवर अब्बांची सही घेतली. किंवा पाच तारखेला 11,000 पाठवले आणि सहा तारखेला तेवढेच परत घेतले. कागद पहिल्यासारखेच दिसतात, पण ही करचुकवेगिरी आहे.

2017 साली मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणापुढे असंच एक प्रकरण आलं. एका नोकरदार महिलेने आईला रोखीने भाडं दिल्याचा दावा केला होता. बँकेची नोंद नाही, करार नाही, आणि ती खरोखर आईच्या घरी राहत होती याचाही पुरावा नाही. सूट नाकारली गेली. आईला भाडं दिलं हा आक्षेप नव्हताच. ते दिल्याचं सिद्ध झालं नाही, हा होता. याउलट 2013 साली अहमदाबादच्या न्यायाधिकरणाने पतीने पत्नीला दिलेल्या भाड्यावरची सूट मान्य केली होती.

हे उघडकीला येतं कसं? अब्बांच्या पॅनवर मुलाने भाडं दाखवलं आणि अब्बांच्या विवरणपत्रात ते नाही, ही तफावत संगणकच दाखवतो. 14 जुलै 2025 रोजी आयकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सुमारे 150 ठिकाणी तपास केला. खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देणारे मध्यस्थ त्यात होते. "तुमचे पैसे परत आणतो, त्यातला हिस्सा द्या" म्हणणाऱ्यापासून लांबच राहा. विवरणपत्र तुमच्या नावाचं असतं, जबाबदारीही तुमचीच.

खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. आपल्या उदाहरणात 12,480 कर आणि 24,960 दंड, म्हणजे 37,440 रुपये, वर व्याज.

आधीच अशी पावती लावली गेली असेल तर अद्ययावत विवरणपत्राची वाट आहे. 2022-23 साठी ते 31 मार्च 2028 पर्यंत भरता येतं. कर व व्याजाच्या वर 25 ते 70 टक्के जादा भरावे लागतात. जितका उशीर, तितका दर जास्त. मात्र त्या वर्षाची तपासणी खात्याने सुरू केली की ही वाट बंद होऊ शकते.

आणि 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12,75,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर, दुसरं उत्पन्न नसेल तर, कर शून्य आहे. तिथे घरभाड्याची सूटच नाही. तेव्हा पावती मागण्याआधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते पाहा. पुष्कळांना त्या पावतीची आता गरजच उरलेली नाही.