दहा टक्के शब्द कमी करताना : आधी काय वगळावे?

प्रकल्प-अहवालातील एखादे प्रकरण ठरलेल्या शब्दमर्यादेपेक्षा मोठे होते, तेव्हा बहुतेक जण प्रत्येक वाक्यातील एखादे विशेषण किंवा क्रियाविशेषण खोडू लागतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. प्रथम वगळायचा असतो तो दुसऱ्यांदा मांडलेला मुद्दा. शब्दांची पाळी सर्वांत शेवटी येते.

यामागील हिशेब साधा आहे. तीन हजार शब्दांच्या प्रकरणातून तीनशे शब्द कमी करायचे आहेत असे समजा. सरासरी बारा शब्दांचे वाक्य धरल्यास प्रकरणात सुमारे अडीचशे वाक्ये असतील. प्रत्येक वाक्यातून एक शब्द काढला तरी अडीचशेच शब्द कमी होतात. शिवाय या घाईत 'परंतु', 'म्हणून', 'तथापि' यांसारखी अव्यये आधी जातात. ती विचारांचे सांधे असतात. ती गेली की वाक्ये उरतात, पण युक्तिवाद उरत नाही.

बाबा पदमनजी यांच्या १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीवर तुम्ही प्रकरण लिहिले आहे, असे मानू. यमुना व तिचा पती यांच्या प्रवासात त्यांना विधवांच्या दुःखद कहाण्या कळतात. पुढे यमुनेवरही वैधव्य ओढवते. आता प्रकरणाची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात 'हा परिच्छेद काय सिद्ध करतो?' या प्रश्नाचे उत्तर चार-पाच शब्दांत लिहा. या टप्प्यावर काहीही खोडू नका.

समासातील नोंदी वाचताना तीन गोष्टी दिसतील. पहिला परिच्छेद 'कादंबरी हा समाजाचा आरसा आहे' एवढेच सांगतो. तो कोणत्याही कादंबरीला लागू पडेल, म्हणून तो पूर्ण वगळावा. येथे एकशे दहा शब्द वाचले. पुढे तुम्ही तीन विधवांच्या कहाण्या सविस्तर दिल्या आहेत. त्यांपैकी दोन परिच्छेदांसमोर 'घरातील जाच' अशी एकच नोंद आहे, तर तिसऱ्यासमोर 'रूढीचे समर्थन' अशी वेगळी नोंद आहे. तिसरा परिच्छेद अर्थातच राहील. पहिल्या दोहोंपैकी ज्या कहाणीचा आधार पुढील विवेचनात घेतला आहे ती ठेवावी आणि दुसरी एकशे साठ शब्दांवरून चाळीस शब्दांत आणावी. येथे एकशे वीस शब्द कमी झाले. अखेरच्या परिच्छेदात नवीन निष्कर्षाआधी मागील विवेचनाची साठ शब्दांची उजळणी आहे, तीही काढावी. एकूण दोनशे नव्वद शब्द झाले. उरलेले दहा शब्द भाषेतून सहज मिळतील. 'करण्यात आलेले आहे' ऐवजी 'केले आहे' लिहावे; 'याबाबतीत असे म्हणता येईल की' हे पाच शब्द तर निव्वळ गाळावेत.

याच प्रकरणात 'ही कादंबरी नसून सुधारणेचा प्रचार आहे' या आक्षेपाचा परामर्श घेणारा परिच्छेदही असेल. तो तुमच्या मताविरुद्ध जाणारा असल्यामुळे प्रथम तोच वगळण्याचा मोह होतो. तो मात्र राखावा. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यानंतर लगेचच आलेल्या या कृतीत प्रचार आणि कथन यांचे नाते काय आहे, हाच तुमच्या प्रकरणाचा प्रश्न आहे. आक्षेप काढला तर तुमचे उत्तर निराधार होईल.

यावर कोणी म्हणेल की, समोर शिक्षक नसताना वाचणाऱ्याला पुनरुक्तीची गरज असते. हे अंशतः खरे आहे. दूर गेलेल्या मुद्द्याची एका वाक्यात आठवण करून देणे उपयुक्तच ठरते. परंतु तोच मुद्दा नव्या उदाहरणाने पुन्हा सिद्ध करणे ही आठवण नव्हे. त्यामुळे वाचकाला पुढे काही नवे सांगितले जात आहे असे वाटते आणि तो नसलेला फरक शोधत बसतो.

वगळल्यानंतर एक तपासणी अपरिहार्य आहे. 'वरील', 'पूर्वोक्त', 'तिची', 'दुसरी' असे मागे बोट दाखवणारे शब्द शोधा. 'या दुसऱ्या विधवेप्रमाणेच' असे वाक्य उरले असेल आणि ती विधवा चाळीस शब्दांच्या सारांशात ओळखू येत नसेल, तर वाचक अडखळेल. असे वाक्य दुरुस्त करावे लागते आणि त्यासाठी चार-दोन शब्द वाढतातही. म्हणून तीनशेऐवजी सुमारे तीनशे वीस शब्द कमी करण्याची तयारी ठेवावी. शेवटी समासातील उरलेल्या नोंदी क्रमाने वाचाव्यात. त्यांतून युक्तिवाद अखंड कळत असेल, तर काटछाट योग्य ठिकाणी झाली असे समजावे.