घरच्या कपाटाला ड्यूई कशाला?

घरची पुस्तकं विषयवार लावायची म्हटलं, की कुणीतरी ग्रंथालयातले ड्यूईचे आकडे सुचवतंच. माझा त्याला विरोध आहे. ड्यूई आधी ज्ञानशाखा बघतो, गाव नंतर. त्या हिशेबाने १९४५च्या वारली उठावावरचं गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ बहुधा ९५४ला, भारताच्या इतिहासात जाईल. वारली चित्रांचं पुस्तक ७५०च्या आसपास, चिकूबागांचं ६३४ला. तिन्ही डहाणू-तलासरीची, पण तीन कप्प्यांत पांगलेली! आगरच्या माझ्या घरात ती ‘आपला परिसर’ या एकाच कप्प्यात आहेत.

मग इतिहास शोधणाऱ्याने काय करायचं? त्यासाठीच स्प्रेडशीट. पुस्तक एकाच जागी राहू शकतं, नोंद मात्र दोन विषय सांगू शकते. माझे रकाने पाचच: नाव, लेखक, विषय, दुसरा विषय, कप्पा. परुळेकरांच्या पुस्तकापुढे दुसरा विषय ‘इतिहास’. त्या रकान्याला फिल्टर लावला की ते सापडतं.

घोटाळा होतो तो शब्दांत. एकदा ‘वारली चित्रं’, एकदा ‘वारली चित्रकला’ लिहिलंत, तर फिल्टरच्या यादीत दोन वेगळे विषय दिसतील आणि एक निवडल्यावर अर्धी पुस्तकं गायब. म्हणून विषय हाताने टाइप करू नका, ड्रॉपडाउनमधून निवडा. नवीन पुस्तकांसाठी प्रत्येक कप्प्यात थोडी जागा रिकामी सोडा. कप्पा भरला, तर त्या विषयाचे दोन करा. आकडे ग्रंथपालाला लखलाभ!